मराठी मजकुराला इंग्रजीची फूटपट्टी

जानेवारी २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने एक साधन लोकांसाठी खुले केले. मजकूर माणसाने लिहिला आहे की यंत्राने, हे ते सांगणार होते. कंपनीच्याच इंग्रजी चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांच्या ९ टक्के लेखनावर त्याने यंत्राचा शिक्का मारला. ते फक्त इंग्रजीसाठी वापरा, असा सल्ला कंपनीने दिला होता. जुलैमध्ये तिने ते मागे घेतले. असे डिटेक्टर आज पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांत मराठी निबंध टाकला तरी ‘इतके टक्के एआय’ असा आकडा मिळतो. तो येतो कुठून?

बऱ्याच डिटेक्टरांच्या पोटात एक भाषा-मॉडेल असते. मजकूर वाचताना ते प्रत्येक पायरीवर पुढे काय येईल याचा अंदाज बांधते. अंदाज वारंवार बरोबर आला तर मजकूर यंत्राचा, वारंवार चुकला तर माणसाचा, असा ढोबळ तर्क. अंदाज किती चुकतो याच्या मापाला परप्लेक्सिटी म्हणतात. अमुक आकड्याच्या खाली यंत्र, वर माणूस, ही सीमारेषा इंग्रजी नमुन्यांवरून आखलेली असते. हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: अंदाज बांधणाऱ्याला ती भाषा आली पाहिजे.

सुरुवातीच्या अनेक प्रयोगांत वापरले गेलेले जीपीटी-२ हे २०१९ चे मॉडेल घेऊ. ते मुख्यतः इंग्रजी मजकुरावर शिकले. मॉडेल शब्द नव्हे, टोकन नावाचे तुकडे वाचते. जीपीटी-२च्या यादीत असे सुमारे ५० हजार तुकडे आहेत आणि नेहमीचे इंग्रजी शब्द त्यात अखंड सापडतात. मराठी शब्द सापडत नाहीत, म्हणून ते शब्दाचे अक्षरांहूनही बारीक तुकडे करते, पार बाइटपर्यंत.

‘घरासमोरच्या’ हा शब्द पाहा. अक्षरे, काने-मात्रे आणि हलन्त धरून संगणकाच्या लेखी त्यात ११ चिन्हे आहेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण ३३ बाइट. ‘घ’ साठवला जातो २२४, १६४, १५२ असा आणि ‘र’ २२४, १६४, १७६ असा. देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी २२४ असतो. दुसरा १६४ किंवा १६५, आणि या शब्दात तो ११ पैकी ९ वेळा १६४ आहे. खरी माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्या बाइटमध्ये असते.

आता अंदाजाचे काय होते बघा. मजकूर देवनागरीत आहे एवढे कळले की पहिला बाइट ओळखायला मराठी यावी लागत नाही, दुसराही बहुतेक वेळा बरोबर येतो. जीपीटी-२ काही बाइट जोडून वाचते, पण सोपे आणि अवघड तुकडे एकाआड एक येत राहतात. सरासरी काढली की सोपे तुकडे आकडा खाली ओढतात, आणि माणसाने मनापासून लिहिलेले मराठी ‘यंत्राचे’ ठरू शकते. सरासरी दर शब्दामागे काढली तर उलटे घडते. मराठी न येणाऱ्या मॉडेलला प्रत्येक शब्द धक्कादायक वाटतो आणि यंत्राचा मजकूरही ‘माणसाचा’ म्हणून सुटतो. दोन्ही वेळा आकडा लिपीबद्दल बोलत असतो, लेखकाबद्दल नाही.

नव्या मॉडेलांत हा दोष कमी झाला आहे. २०२४ च्या जीपीटी-४ओमध्ये मराठीला आधीच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश टोकन पुरतात. तरी मराठीची घडण उरतेच. घर, घराला, घरातून, घरासमोरच्या अशी एका नामाची रूपे पसरत जातात, आणि त्यातले एखादे रूप शिकवणीच्या मजकुरात क्वचितच आलेले असते. शिवाय ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य दोन वेगळ्या सांकेतिक रूपांत टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, मॉडेलला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती साच्यातल्या लेखनाची. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ने सुरू होणारा अर्ज लिहायला मुलांना आपणच शिकवतो. मराठी येणारे मॉडेल असा अर्ज सहज ओळखते आणि म्हणूनच त्याला यंत्राचे काम समजते. इंग्रजीत याचा पुरावा आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांवर सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचा शिक्का बसला, अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. त्या परदेशी विद्यार्थ्यांचा शब्दसाठा मर्यादित होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

डिटेक्टर वापरू पाहणाऱ्या महाविद्यालयाला त्याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. २०२२ पूर्वीच्या मराठी उत्तरपत्रिकांतले शंभर निबंध टंकून घ्यावेत. ते निःसंशय माणसांचे आहेत. त्यातल्या किती निबंधांवर शिक्का बसतो ते मोजावे, आणि अर्ज, कथा, ग्रामीण बोलीतले लेखन यांचे आकडे वेगवेगळे ठेवावेत. मग त्याच विषयांवर यंत्राकडून शंभर निबंध लिहून घेऊन तेही तपासावेत. दोन्ही गठ्ठ्यांचे आकडे एकमेकांत मिसळले, तर मराठीसाठी सीमारेषा आखायला जागाच उरत नाही.