फारसीतला एक ‘मी’, इंग्रजीत तीन अर्थ

फारसी शिकताना आपण मराठी माणसं पहिल्यांदा अडखळतो ती ‘मी’पाशी. हा ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तो क्रियापदाला आधी लागणारा उपसर्ग आहे. ‘मी-रवम’मध्ये ‘मी जातो’तला ‘मी’ शेवटच्या ‘-म’ने दाखवला जातो.

‘मी-रवम’चं इंग्रजी काय करायचं, हे शेजारच्या शब्दावरून ठरतं. ‘हर रूज़ बे मस्जिद मी-रवम’ ही रोजची सवय, म्हणून ‘आय गो’. ‘अलआन मी-रवम’, म्हणजे आत्ता निघालोय, म्हणून ‘आय अ‍ॅम गोइंग’. ‘फ़र्दा मी-रवम’ म्हणजे उद्याचं, म्हणून ‘आय विल गो’. आपणही ‘उद्या जातो’ म्हणतोच की!

क्रिया चालूच आहे हे ठासून सांगायचं असेल तर बोलीत ‘दारम मी-रवम’ म्हणतात. मात्र नकारात हा ‘दारम’ गळतो, फक्त ‘नेमी-रवम’ उरतं. मग ते ‘जात नाही’, ‘जात नाहीये’ की ‘जाणार नाही’, हे पुन्हा संदर्भच सांगतो. म्हणून भाषांतर करताना आपण आधी काळाचा शब्द शोधावा, क्रियापद नंतर.