कमिशनसाठी बँक खाते वापरू देताय?
‘तुमच्या खात्यात ५०,००० रुपये येतील. २,००० तुम्ही ठेवा, बाकीचे सांगू त्या खात्यावर पाठवा.’ असा निरोप अनोळखी माणसाकडून आला, तर ते पैसे बहुधा कोणाला तरी फसवून मिळवलेले असतात. फसलेली व्यक्ती १९३० वर तक्रार करते. व्यवहारात चोराचे नाव कुठेच नसते, तुमचे खाते मात्र दिसते. मग बँक त्या खात्यातून पैसे काढणे थांबवू शकते. पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता त्याच खात्यात येत असेल, तर तो जमा होऊनही हाती लागत नाही. पोलीस हिशेब विचारतात तो पूर्ण ५०,००० रुपयांचा.

एटीएम कार्ड, पासबुक किंवा खात्याला जोडलेले सिमकार्ड भाड्याने देणे हाही तोच प्रकार.

अनोळखी रक्कम आधीच जमा झाली असेल, तर ती खर्च करू नका आणि फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून कुठेही पाठवू नका. शाखेत लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. आलेले निरोप पुसू नका, तोच तुमचा पुरावा आहे. पैसे पुढे गेले असतील, तर लगेच १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर कळवा.