डेटाचा वळसा : परदेशात फोन संथ का होतो

भामरागड किंवा एटापल्लीच्या रस्त्यावर नेट संथ झाले, की आपण सगळे आधी रेंजच्या काड्या बघतो. एक काडी असेल तर टेकडीवर चढायचे, दोन-तीन आल्या की फोन करून घ्यायचा. जंगलातल्या जिल्ह्यात हे निदान बहुधा बरोबर ठरते, कारण तिथली अडचण फोन आणि टॉवर यांच्यामधल्या अंतराची असते. हीच सवय घेऊन आपल्याकडची माणसे आता मुला-नातवंडांकडे लंडनला, टोरांटोला, सिंगापूरला जातात आणि गोंधळतात. तिथे काड्या पूर्ण असतात, वर 4G किंवा 5G असे लिहिलेले असते आणि तरीही नकाशा उघडत नाही. काड्या फक्त फोन ते टॉवर एवढ्याच टप्प्याविषयी सांगतात. परदेशातला अडथळा त्यापुढे असतो आणि तो बहुतेक वेळा तांत्रिक बिघाड नसून आधीच ठरवून ठेवलेला असतो. तो कुठे असतो हे कळले, तर घरचे रोमिंग घ्यावे की तिथले ई-सिम, याचा निर्णय जाहिरातीवर सोडावा लागत नाही.

सुरुवात सिममधल्या एका आकड्यापासून करू. आपल्या मोबाइल नंबरखेरीज प्रत्येक सिममध्ये पंधरा अंकांपर्यंतचा एक ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतीय सिममध्ये ते 404 किंवा 405 असतात, ब्रिटिश सिममध्ये 234 किंवा 235. लंडनच्या टॉवरने 404 वाचले, की तो पाहुणा ओळखतो. तिथली कंपनी भारतातल्या आपल्या कंपनीला विचारते, की हा ग्राहक तुमचा आहे का आणि त्याला काय द्यायचे. उत्तरात परवानगी येते आणि बहुधा तिच्यासोबत कमाल वेगाचा आकडाही येतो. म्हणजे टॉवर लंडनचा असला तरी किती वेग मिळावा यात घरच्या कंपनीचा शब्द चालतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रोमिंगवर असताना आपला डेटा लंडनच्या टॉवरवरून थेट इंटरनेटवर जात नाही. रूढ पद्धतीत तो बांधलेल्या पुडक्यासारखा आधी भारतातल्या आपल्या कंपनीच्या यंत्रणेकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. सिरोंचाच्या माणसाने नदीपलीकडच्या कालेश्वरमला चिठ्ठी द्यायची आणि ती आधी नागपूरला जाऊन मग कालेश्वरमला पोचायची, तसा हा वळसा आहे. कंपन्या तो उगाच घेत नाहीत. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक क्षणोक्षणी मोजायची असते, पॅक संपताच थांबवायचे असते, आणि हे सगळे घरच्या यंत्रणेतून सोपे जाते. ग्राहकालाही एक फायदा मिळतो. त्याचा फोन इंटरनेटला भारतातच असल्यासारखा दिसतो, त्यामुळे फक्त भारतात चालणाऱ्या काही सेवा परदेशातही चालू राहतात.

या वळशाची किंमत वेळेत मोजता येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. लंडन ते मुंबई सरळ रेषेत 7,200 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका बाजूला 36 मिलिसेकंद. पण समुद्राखालच्या केबली सरळ जात नाहीत. भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र, अरबी समुद्र अशी वाट असते. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून एका जाण्या-येण्याला शंभर ते दीडशे मिलिसेकंद लागतात. आता आजोबांना लंडनमधल्या बसचे वेळापत्रक हवे आहे आणि ते लंडनमधल्याच संगणकावर आहे असे धरा. फोनची विनंती लंडनहून मुंबईला, मुंबईहून लंडनला. उत्तर पुन्हा लंडनहून मुंबईला आणि मुंबईहून लंडनला. अडीचशे मिलिसेकंद सहज जातात. एक पान उघडायला अशा फेऱ्या चार-पाच लागतात: पत्ता शोधणे, जोडणी करणे, सांकेतिक कुलूप ठरवणे, मग पान मागवणे. पहिले अक्षर दिसायलाच एक सेकंद जातो. तिथल्या सिमवर एक फेरी बहुधा पन्नास मिलिसेकंदांच्या आत होते.

एक सेकंद म्हणजे काही फार नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. वळशामुळे फोन मंद वाटतो, अडखळतो, फोनवर बोलताना दोघे एकमेकांचे वाक्य तोडतात. पण काम होते. फेब्रुवारी 2024 मध्ये तांबड्या समुद्रात काही केबली तुटल्या, तशा वेळी मात्र वाहतूक लांबच्या मार्गांनी फिरवावी लागते आणि वळसा आणखी वाढतो. काम अजिबात न होणे हा प्रकार वेगळा. त्याचे कारण बहुधा वळसा नसते, वेगमर्यादा असते.

वेगमर्यादेची ओळख आपल्याला घरीच झालेली आहे. रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा संपला, की नेट 'चालू' राहते पण काहीच उघडत नाही. तिथे वेग सेकंदाला 64 किलोबिटवर आणलेला असतो. रोमिंगच्या अनेक पॅकमध्ये हाच आकडा येतो. 'अमर्यादित डेटा' असे मोठ्या अक्षरांत असते आणि लहान अक्षरांत लिहिलेले असते, की वेगवान डेटा एवढाच, त्यानंतर 64 किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 64 किलोबिट म्हणजे सेकंदाला फक्त 8 केबी. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला सव्वासहा मिनिटे लागतात. तासभर अखंड ओढले तरी 29 एमबीसुद्धा भरत नाहीत. लिखित निरोप जातो, आवाजी बोलणे तुटक का होईना जमू शकते, नकाशा आणि व्हिडिओ कॉल जमत नाहीत.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा, गडचिरोलीचे एक जोडपे नागपूरहून दोहामार्गे लंडनला लेकीकडे तीन आठवड्यांसाठी निघाले आहे. त्यांच्या रोमिंग पॅकमध्ये रोज 250 एमबी वेगवान डेटा आहे, पुढे 64 किलोबिट. सकाळी नातवाला बागेत नेले आणि तिथून गावाकडच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. सेकंदाला 500 किलोबिट धरले तर अशा कॉलला तासाला 225 एमबी लागतात. म्हणजे एक तास आणि सहा-सात मिनिटांत दिवसाचा कोटा संपला. तेही फोन मागच्या मागे फोटो चढवत नसेल आणि अॅप अपडेट करत नसेल तर. दुपारी रस्ता चुकला तर नकाशा उघडणार नाही, आणि काड्या मात्र पूर्ण दिसतील. त्यांना वाटेल, या भागात टॉवर कमी असावेत.

याला पर्याय म्हणून ई-सिम सुचवले जाते. ई-सिम म्हणजे वेगळे नेटवर्क नव्हे. ते फोनच्या आतच बसवलेले सिम आहे. त्यात हव्या त्या कंपनीची ओळख क्यूआर कोड स्कॅन करून उतरवता येते. त्यामुळे 'ई-सिम वेगवान असते' या वाक्याला अर्थ नाही. त्यात उतरवलेली ओळख कोणत्या देशाची, हा प्रश्न आहे. ब्रिटिश कंपनीचे ई-सिम घेतले तर टॉवरला 234 दिसते, डेटा तिथल्या तिथे बाहेर पडतो आणि वळसा संपतो. पण प्रवाशांसाठी विकली जाणारी 'युरोप' किंवा 'जग' अशी ई-सिमे बरेचदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात. ती लंडनमध्ये स्वतःच रोमिंगवर असतात. त्यांचा डेटा कधी जवळच्या देशातून बाहेर पडतो, कधी पार हाँगकाँग किंवा सिंगापूरहून. वळसा नाहीसा होत नाही, फक्त त्याचे गाव बदलते. ओळखायची खूण सोपी आहे. ई-सिम चालण्यासाठी फोनमध्ये 'डेटा रोमिंग' चालू करा, अशी सूचना असेल तर ते बहुधा पाहुणेच आहे.

या पाहुण्यांची बाजू युरोपीय संघाने एका कायद्याने धरली आहे. 15 जून 2017 पासून संघातल्या देशांत रोमिंगचा जादा आकार बंद झाला, आणि 1 जुलै 2022 पासून तंत्रदृष्ट्या शक्य असेल तिथे घरच्यासारखाच दर्जा देण्याचे बंधन आले. हे संघाच्या ग्राहकांपुरते आहे. भारतीय सिम फ्रान्समध्ये गेले तर दोन कंपन्यांमधला करार जेवढा देईल तेवढेच मिळते.

मग नेट संथ झाले, की कारण कसे ओळखायचे? fast.com सारखे वेग मोजणारे पान उघडावे. वेग 0.06 मेगाबिटच्या आसपास एकाच जागी खिळलेला असेल, तर ती वेगमर्यादा. दुसऱ्या दिवसाचा कोटा सुरू होईपर्यंत किंवा वाढीव डेटा घेईपर्यंत काही उपाय नाही. वेग पाच-दहा मेगाबिट आहे, पण पिंग, म्हणजे फेरीचा वेळ, अडीचशेच्या वर आहे, तर तो वळसा. आपला आयपी पत्ता दाखवणाऱ्या पानावर कोणता देश येतो ते पाहिले, की डेटा कुठून बाहेर पडतो तेही कळते. वेग दर काही मिनिटांनी किंवा जागेनुसार बदलत असेल, तर तिथल्या टॉवरवर गर्दी आहे. मग फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडणे बंद करून करारातली दुसरी कंपनी हाताने निवडून पाहता येते.

वरच्या जोडप्याला दोन्ही गोष्टी लागतील, पण वेगवेगळ्या कामांसाठी. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो, म्हणून ते सिम काढू नये. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, फक्त त्याचा डेटा बंद ठेवावा. आलेला एसएमएस बहुतेक कंपन्यांकडे फुकट असतो, आलेला कॉल उचलला तर मात्र पैसे लागू शकतात. डेटासाठी तिथल्या कंपनीचे ई-सिम घ्यावे. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमसाठी ओळखपत्राची सक्ती नाही, त्यामुळे लेकीलाही ते घेऊन ठेवता येईल. भारतातूनच घ्यायचे तर विक्रेत्याकडे दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी 2024 मध्ये एरालो आणि होलाफ्लाय या कंपन्यांची अॅपे भारतातल्या अॅप दुकानांतून काढली गेली होती.

फोन ई-सिम घेतो का, हे *#06# लावून पाहावे. EID नावाचा लांब क्रमांक दिसला तर घेतो. ई-सिम उतरवायला इंटरनेट लागते, म्हणून हे काम घरच्या वायफायवर निघण्याआधी करावे. उतरवलेली ओळख चुकून पुसू नये, कारण तोच क्यूआर कोड बहुधा दुसऱ्यांदा चालत नाही. तीन-चार दिवसांचीच सहल असेल आणि काम नकाशा व निरोपांपुरते असेल, तर घरचे रोमिंगही पुरेसे होते. तेव्हा पॅक घेताना 'अमर्यादित' या शब्दाकडे न बघता दोनच प्रश्न विचारावेत: वेगवान डेटा रोज किती, आणि तो संपल्यावर वेग किती.