शिकागोत विमा, नदीकाठी तोटा

ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेत सोयाबीनची काढणी ऐन भरात होती आणि त्याच वेळी मिसिसिपी नदी दिवसेंदिवस आटत चालली होती. 21 ऑक्टोबरच्या शुक्रवारी मेम्फिस शहराजवळच्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी उणे 10.81 फूट नोंदली गेली, म्हणजे 1988 च्या दुष्काळातल्या नीचांकाच्याही खाली. (पट्टीवरचं शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, म्हणून आकडा शून्याखाली जाऊ शकतो.) नदी कोरडी पडली नव्हती, पण मालवाहतुकीला हवं तेवढं पाणी तिच्यात उरलं नव्हतं.

अमेरिकेच्या मध्यभागातलं धान्य समुद्रापर्यंत जातं ते मुख्यतः याच नदीवरून, बार्जमध्ये भरून. बार्ज म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली, सपाट तळाची लोखंडी नाव. एका बार्जमध्ये साधारण 50,000 बुशेल सोयाबीन मावतं. बुशेल हे तिकडचं माप; सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलोच्या आसपास. अशा कितीतरी बार्ज एकत्र बांधून एकच टग त्या ढकलत नेतो. पाणी उतरलं की बार्ज पूर्ण भरता येत नाही आणि एका वेळी बांधायच्या बार्जची संख्याही कमी करावी लागते. त्या ऑक्टोबरात सेंट लुईसहून खाली जाणाऱ्या बार्जचं भाडं टनाला 100 डॉलरच्या वर गेलं. बुशेलच्या हिशेबात हे तीन डॉलर झाले, आणि सोयाबीनचा भाव स्वतःच चौदा डॉलरच्या घरात होता. एवढं भाडं भरून माल न्यायचा तर निर्यातदार नदीकाठच्या गोदामवाल्याला कमीच भाव देणार. त्यांनी तसा तो दिलाही.

याच ठिकाणी एका समजुतीचा कस लागला. भाव पडण्याची भीती असली की पुट ऑप्शन घ्यावा आणि निर्धास्त झोपावं, अशी ती समजूत.

नदीकाठी गोदाम असलेला एक व्यापारी डोळ्यांसमोर आणू. व्यापारी आणि त्याचा हिशेब काल्पनिक आहे. नदी, भाडं आणि वायद्याचा भाव खरा. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्या गोदामात एक लाख बुशेल सोयाबीन आहे. तो ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठेवणार, कारण नंतर नव्या मालाला जागा लागेल. शिकागोच्या बाजारात नोव्हेंबरचा वायदा 14 डॉलरला चालला आहे. त्याच्या गावात काढणीच्या दिवसांत हजर भाव वायद्यापेक्षा 30 सेंट कमी असतो, असा त्याचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. हजर भावातून वायद्याचा भाव वजा केला की जे उरतं त्याला बेसिस म्हणतात. त्याचा बेसिस उणे 30 सेंट.

भाव पडला तर काय, ही त्याची काळजी. सरळ मार्ग म्हणजे शिकागोत तेवढ्याच मालाचा वायदा विकून ठेवणं. भाव उतरला तर गोदामातल्या मालावर तोटा, वायद्यावर नफा. पण भाव चढला तर उलटं होतं. वायद्यावरचा तोटा रोजच्या रोज रोखीत भरावा लागतो आणि मालावरचा नफा मात्र माल विकेपर्यंत हातात येत नाही. तेजीच्या लाटेत, हिशेबाने नफ्यात असलेल्या व्यापाऱ्याचीही रोकड या मार्जिनपायी आटते.

म्हणून तो पुट घेतो. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला वायदा विकण्याचा हक्क; बंधन नाही. त्याने 14 डॉलरचा नोव्हेंबर पुट घेतला आणि बुशेलमागे 50 सेंट प्रीमियम भरला असं धरू. शिकागोचा एक करार 5,000 बुशेलचा, म्हणजे वीस करार आणि 50,000 डॉलर खर्च. ही रक्कम एकदाच जाते, नंतर मार्जिनची मागणी येत नाही. वायदा 12.50 वर घसरला तर पुट दीड डॉलरचा होतो. वायदा 15.50 वर गेला तर पुट कागदापुरता उरतो, पण माल चढ्या भावाने विकता येतो. कसंही झालं तरी हातात किमान किती पडेल याचं गणित त्याने मांडलेलं असतं: 14 डॉलर, वजा प्रीमियमचे 50 सेंट, वजा बेसिसचे 30 सेंट. राहिले 13.20.

या बेरजेतल्या पहिल्या दोन आकड्यांवर करार आहे. तिसरा आकडा नुसता अनुभव आहे.

नोव्हेंबर सोयाबीनच्या ऑप्शनची मुदत संपली तो दिवस 21 ऑक्टोबरच होता, मेम्फिसच्या पट्टीने नीचांक दाखवला तोच शुक्रवार. त्या दिवशी शिकागोत नोव्हेंबरचा वायदा 14 डॉलरच्या आसपासच बंद झाला. म्हणजे पुटच्या लेखी काही घडलंच नव्हतं आणि त्याची किंमत जवळजवळ शून्य झाली. आता आपल्या व्यापाऱ्याच्या दारात बेसिस उणे 30 ऐवजी उणे 1.30 डॉलर झाला असं धरा. भाडं बुशेलला तीन डॉलरवर गेलेलं असताना हा आकडा ताणलेला वाटू नये. हजर भाव 12.70. त्यातून प्रीमियम गेला की 12.20. किमान म्हणून मांडलेल्या रकमेपेक्षा हे एक डॉलर कमी आहे, आणि एक लाख बुशेलवर तो फरक एक लाख डॉलरचा होतो. पुटने त्यातला एक सेंटही भरून दिला नाही.

यात पुटची फसवणूक कुठेच नाही. तो विमा शिकागोच्या भावाचा होता आणि शिकागोचा भाव शाबूत होता. व्यापाऱ्याच्या दारातला भाव हा वेगळाच भाव आहे. दोन्ही बहुतेक दिवस बरोबरीने चालतात, म्हणून तो फरक नजरेआड होतो. शिकागोच्या सोयाबीनची डिलिव्हरी मुख्यतः इलिनॉय नदीकाठच्या ठरलेल्या ठिकाणांवर होते आणि वायद्याचा भाव साऱ्या जगाची मागणी आणि पुरवठा बघून ठरतो. चीनची खरेदी, ब्राझीलचं पीक, अमेरिकी कृषी खात्याचे अंदाज हे सगळं त्यात येतं. मेम्फिसजवळच्या एका घाटावर बार्ज मिळते की नाही हे त्यात फार थोडं उतरतं.

वायदा विकणाऱ्यालाही हाच तोटा झाला असता, हे खरं. पण त्याचे प्रीमियमचे 50 सेंट तरी वाचले असते. पुट घेणाऱ्याने विम्याचा हप्ताही भरला आणि नुकसानही सोसलं. म्हणूनच पुट घेताना बेसिसकडे जास्त बारकाईने बघायला हवं. महागड्या संरक्षणानंतर माणूस आपोआप सैल पडतो, आणि खरा धोका तिथेच दबा धरून असतो.

हा धोका आधी कळतो का? काही प्रमाणात कळतो. अमेरिकेतल्या जुन्या गोदामांमध्ये बेसिसची वही असते. आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी आपला हजर भाव, त्या दिवशीचा वायदा आणि दोन्हींतला फरक त्यात लिहून ठेवायचा. चार-पाच वर्षांची वही उघडली की काढणीत फरक किती रुंदावतो आणि हिवाळ्यात किती आवळतो हे डोळ्यांना दिसतं. त्या सरासरीवर कर्ज काढून माल भरणारे व्यापारी आहेत. पण सरासरीपेक्षा वहीतली सर्वांत वाईट ओळ जास्त मोलाची असते, आणि ती ओळ चार-पाच वर्षांत सापडेलच असं नाही. 1988 चं पाणी अनुभवलेली वही 2022 मध्ये किती जणांकडे असणार? तसं बघितलं तर आदल्याच वर्षी इशारा मिळाला होता. 29 ऑगस्ट 2021 ला आयडा चक्रीवादळ लुईझियानावर धडकलं, नदीच्या मुखाजवळच्या निर्यात केंद्रांचं नुकसान झालं, वीज गेली, आणि वरच्या अंगाला नदीकाठचे हजर भाव वायद्यापासून तुटून खाली आले. तेव्हाही अडलेला होता तो नदीचा रस्ताच.

उपाय आहे, पण तो पुटमध्ये सापडत नाही. बेसिस वेगळा विकावा लागतो. व्यापारी निर्यातदाराशी किंवा तेलगिरणीशी आधीच करार करतो: ऑक्टोबरात एवढा माल देईन, वायद्यापेक्षा 30 सेंट कमी भावाने, वायद्याचा भाव कोणत्या दिवशीचा धरायचा ते नंतर कळवीन. फरक बांधला गेला आणि खाली पुट आहे, की मग 13.20 हा आकडा खरोखर किमान ठरतो. मात्र हा फरक कुठल्या जागेचा बांधला ते बघायला हवं. गोदामाच्या दारात माल उचलण्याचा करार असेल तर भाड्याची झळ खरेदीदाराला. न्यू ऑर्लिन्सपोच करार असेल तर भाडं विकणाऱ्याच्या खिशातून जातं. अशा करारात फरक बांधूनही बार्ज आधी ठरवलेली नसेल, तर 2022 च्या ऑक्टोबरातला बुशेलमागे तीन डॉलरचा घाव थेट त्याच्यावरच पडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात लातूर किंवा अकोल्याचा सोयाबीन व्यापारी आठवला तर नवल नाही. त्याची अडचण मात्र एक पायरी आधीच सुरू होते. आपल्याकडच्या बाजारपेठांत तेजी आणि मंदी लावण्याचे ऑप्शनसारखे व्यवहार पूर्वी चालत. 1952 च्या वायदा करार कायद्याने मालावरच्या ऑप्शनना बंदी घातली. पुढे सेबीने ते पुन्हा खुले केले आणि जानेवारी 2018 मध्ये एनसीडीईएक्सवर गवार बियांचा ऑप्शन सुरू झाला. पण 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू, बिगर बासमती भात, मोहरी, मूग आणि कच्च्या पामतेलाचे नवे वायदे व्यवहार थांबवले, आणि ती स्थगिती पुढे वाढत गेली. ज्या मालावर वायदाच नाही त्यावर पुट कुठून येणार?

वायदा चालू असतानाही सोयाबीनचं मूळ केंद्र इंदूर होतं, लातूर नव्हे. लातूरच्या आडतीतला ओला नवा माल आणि इंदूरच्या भावाला धरलेला ठरावीक ओलाव्याचा माल यांच्यातलं अंतर काढणीच्या दिवसांत रुंदावतं, आणि तो बेसिसचाच धोका. शिकागोचा आधार घ्यावा म्हटलं तर ते अंतर आणखी मोठं. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. त्यानंतर नवा माल बाजारात येऊ लागला तसा देशातला सोयाबीनचा भाव जोरात खाली आला. ही घसरण दिल्लीतल्या एका आदेशातून आणि आपल्याच आवकेतून आली होती. शिकागोचा पुट हातात असता तरी तिच्यातून त्याला फारसं काही मिळालं नसतं. अशा वेळी लातूरच्या व्यापाऱ्याकडे उरतो तो गिरणीशी आगाऊ भावाचा करार, किंवा आज माल विकून टाकायचा की भरून ठेवायचा याचा निर्णय.