शेवटचा सामना बाकी असताना गुणतक्ता कसा वाचायचा?



मागे आमच्या भागातल्या एका ताईंनी मला फोनवर स्क्रीनशॉट पाठवला, म्हणजे फोनच्या पडद्याचा फोटो. त्यांची मुलगी नागपूरला फुटबॉल खेळते. मुलींच्या स्पर्धेचा गुणतक्ता होता तो. चार संघांचा गट, त्यातले दोन पुढे जाणार आणि प्रत्येकीचा एक सामना बाकी. ताईंनी विचारलं, "बाई, आमच्या पोरीचं काय होईल?" मी शाळेत खेळ शिकवते, तेव्हा मला हे यायलाच हवं. मी दोन मिनिटांत बेरीज करून सांगितलं, "जिंकावंच लागेल. बरोबरी झाली तर खात्री नाही." ताई गटातल्या तिघींना घेऊन सामना बघायला गेल्या. सामना बरोबरीत सुटला. या चौघी मान खाली घालून घरी परतल्या. रात्री पोरीचा फोन आला, "आई, तू थांबली का नाहीस? आम्ही पुढच्या फेरीत गेलो!"

माझं गणित चुकलं होतं. बेरीज बरोबर होती, पण विचार अर्धाच केला होता. तोच विचार आज पूर्ण करून दाखवते. त्यासाठी तो स्क्रीनशॉट नको, सगळ्यांना माहीत असलेला खराखुरा गट घेऊ.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई इथे सामने होते. भारताच्या गटात अमेरिका, ब्राझील आणि मोरोक्को होते. दोन-दोन सामने झाल्यावर तक्ता असा दिसत होता:

| संघ | सामने | जिंकले | बरोबरी | हरले | केलेले गोल | खाल्लेले गोल | गोलफरक | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अमेरिका | २ | १ | १ | ० | ९ | १ | +८ | ४ |
| ब्राझील | २ | १ | १ | ० | २ | १ | +१ | ४ |
| मोरोक्को | २ | १ | ० | १ | ३ | १ | +२ | ३ |
| भारत | २ | ० | ० | २ | ० | ११ | −११ | ० |

फोनवर हेच रकाने इंग्रजी अक्षरांत येतात. MP म्हणजे झालेले सामने, W जिंकलेले, D बरोबरीचे, L हरलेले. GF म्हणजे आपण केलेले गोल, GA म्हणजे आपल्यावर झालेले गोल, GD म्हणजे गोलफरक आणि Pts म्हणजे गुण. जिंकल्याचे तीन गुण, बरोबरीचा एक, हरल्याचा शून्य. गोलफरक म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करायचे. अमेरिकेने नऊ केले, एक खाल्ला, म्हणून अधिक आठ. भारताने एकही केला नाही आणि अकरा खाल्ले, म्हणून उणे अकरा. पहिल्या सामन्यात अमेरिकेकडून आठ आणि दुसऱ्यात मोरोक्कोकडून तीन.

आता बचत गटाची वही आपण जशी तपासतो, तसा हा तक्ता तपासायचा. एकीने केलेला गोल हा दुसरीने खाल्लेला असतो, म्हणून दोन्ही रकान्यांची बेरीज सारखीच यायला हवी. इथे नऊ, दोन, तीन आणि शून्य मिळून चौदा. दुसरीकडे एक, एक, एक आणि अकरा मिळून चौदाच. गोलफरकाच्या सगळ्या रकान्याची बेरीज तर शून्यच यायला पाहिजे: आठ, एक आणि दोन मिळून अकरा, त्यातून अकरा गेले, शून्य. ती शून्य आली नाही, तर फोटोत काहीतरी बिघडलंय असं समजा. बहुतेक वेळा पुसट फोटोत वजाबाकीची रेघ दिसत नाही आणि उणे अकराचे अकरा वाचले जातात. कधी कोणी फोटो कापताना एक ओळच उडवते. कधी एक संघ सामना खेळून मोकळा झालेला असतो आणि दुसरा अजून खेळायचा असतो. म्हणून गुणांकडे बघण्याआधी झालेल्या सामन्यांचा रकाना बघायचा. सामना चालू असताना काढलेला फोटो तर सगळ्यात फसवा. पुष्कळ ठिकाणी चालू सामन्याचे गोलही तक्त्यात धरलेले असतात आणि पाच मिनिटांत सगळं पालटतं.

तक्ता बरोबर आहे. आता शेवटचे दोन सामने बघा: अमेरिका विरुद्ध मोरोक्को आणि भारत विरुद्ध ब्राझील. पुढे दोघी जाणार.

सगळ्यात सोपं आधी उरकू, जरी ते मनाला लागणारं असलं तरी. भारताने ब्राझीलला हरवलं तरी गुण होणार तीन. अमेरिका आणि ब्राझील यांच्या खात्यात आत्ताच चार-चार आहेत आणि ते काही कमी होत नाहीत. म्हणजे वरच्या दोन जागा भारतासाठी बंद झाल्या होत्या, एक सामना बाकी असतानाच. भारत तिसरा तरी येऊ शकला असता का? कागदावर हो. मोरोक्को हरला असता आणि भारत जिंकला असता, तर दोघींचे तीन-तीन गुण. पण मोरोक्कोचा फरक अधिक दोन आणि भारताचा उणे अकरा, म्हणजे मधलं अंतर तेरा गोलांचं. भारत जितक्या गोलांनी जिंकेल आणि मोरोक्को जितक्या गोलांनी हरेल, त्यांची बेरीज निदान तेरा भरायला हवी. अशक्य म्हणता येत नाही, पण त्या भरवशावर कोणी गाडी ठरवू नये.

आता ब्राझीलकडे या, कारण माझी चूक नेमकी इथलीच आहे. समजा ब्राझीलने भारताशी बरोबरी केली. गुण पाच. मी ताईंसाठी जसं गणित केलं, तसं केलं तर काय दिसतं? अमेरिका जिंकली तर तिचे सात होतात. मोरोक्को जिंकला तर त्याचे सहा होतात. दोन्ही पाचापेक्षा जास्त. म्हणजे ब्राझील तिसरा आणि घरी.

पण मैत्रिणींनो, अमेरिका आणि मोरोक्को एकमेकींशीच खेळणार होत्या ना! एका सामन्यात दोघी कशा जिंकतील? अमेरिका जिंकली तर मोरोक्को तीनवर अडकतो आणि ब्राझील दुसरा. मोरोक्को जिंकला तर अमेरिका चारवर राहते आणि ब्राझील तरीही दुसरा. त्यांची बरोबरी झाली तर अमेरिकेचे पाच, मोरोक्कोचे चार, ब्राझीलचे पाच. पहिली कोण ते गोलफरक ठरवेल, पण ब्राझील पुढे जाणारच. म्हणजे ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, दुसऱ्या मैदानावर काहीही घडो. प्रत्येकीचे जास्तीत जास्त गुण वेगवेगळे काढून शेजारी मांडले की ही गोष्ट दिसत नाही. आधी कागदावर बाकी सामने लिहायचे आणि मग प्रत्येक सामन्याचे तीन निकाल धरायचे: ही जिंकली, ती जिंकली, बरोबरी. दोन सामने असतील तर तीन गुणिले तीन, म्हणजे नऊच प्रकार होतात. नऊ ओळी लिहायला चहा उकळायच्या आत जमतं.

याच पद्धतीने अमेरिकेकडे बघा, मला तर तीच जास्त गंमत वाटते. गोलफरक अधिक आठ, तक्त्यात पहिली, बघणाऱ्याला वाटावं की हिला कसली काळजी? पण ती मोरोक्कोशी हरली असती तर तिचे चारच राहिले असते आणि मोरोक्कोचे सहा झाले असते. तिकडे ब्राझीलने भारताशी नुसती बरोबरी केली तरी त्याचे पाच. अमेरिका तिसरी आणि बाहेर, ते आठ गोल गाठीशी असूनसुद्धा. गोलफरकाला किंमत येते ती गुण सारखे झाल्यावरच.

मोरोक्कोचं उलट. तिसऱ्या जागी असूनही जिंकला तर तो नक्की पुढे, कारण मग अमेरिका चारवर राहते आणि त्याच्या वर फार तर एकटा ब्राझील जाऊ शकतो. बरोबरी केली तर मात्र चार गुण होऊन भारताच्या तोंडाकडे बघायचं: भारताने ब्राझीलला हरवलं तर ब्राझीलही चारवर राहतो आणि त्याचा गोलफरक शून्य किंवा त्याहून कमी होतो. मोरोक्कोचा अधिक दोन. मग मोरोक्को दुसरा. एका तक्त्यात मोरोक्कोसाठी पहिल्यापासून चौथ्यापर्यंत चारही जागा उघड्या होत्या, अमेरिका आणि ब्राझील यांना पहिली, दुसरी किंवा तिसरी.

१७ ऑक्टोबरला प्रत्यक्षात झालं ते असं: अमेरिकेने मोरोक्कोला चार-शून्य आणि ब्राझीलने भारताला पाच-शून्य हरवलं. अमेरिका आणि ब्राझील दोघींचे सात गुण. अमेरिकेचा फरक आठ अधिक चार म्हणजे बारा, ब्राझीलचा एक अधिक पाच म्हणजे सहा. म्हणून अमेरिका पहिली. मोरोक्को तीन गुण, फरक उणे दोन. भारत उणे सोळा. पुन्हा बेरीज करून बघा, शून्यच येते.

हे दोन्ही सामने वेगवेगळ्या गावी, पण एकाच वेळी ठेवले होते. त्यामागे जुनी गोष्ट आहे. १९८२ च्या पुरुषांच्या विश्वचषकात अल्जीरियाचा गटातला शेवटचा सामना आदल्या दिवशी संपला होता. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा त्यांना हिशेब तयार मिळाला: जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली की दोघेही पुढे. जर्मनीने सुरुवातीलाच एक गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. अल्जीरिया बाहेर गेला. तेव्हापासून विश्वचषकात गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवतात.

एक सावधगिरी मात्र ठेवा. गुण सारखे झाले की आधी गोलफरकच बघतात असं सगळीकडे नसतं. मुलींच्या त्या विश्वचषकात आधी गोलफरक आणि तोही सारखा झाला तर जास्त गोल कोणाचे, असा क्रम होता. पण आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगमध्ये २०२१ मध्ये आधी त्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल बघत होते. त्या वर्षी मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे साखळीच्या शेवटी चाळीस-चाळीस गुण झाले. मुंबईने कोलकात्याच्या या संघाला दोन्ही वेळा हरवलं होतं, म्हणून मुंबई पहिली. हा नियम तक्त्याच्या फोटोत लिहिलेला नसतो. स्पर्धेच्या नियमपत्रकात असतो किंवा प्रशिक्षकांना विचारावा लागतो. तो कळला नाही तर सारख्या गुणांच्या ओळीपुढे "नक्की नाही" एवढंच लिहा.

ताईंची पोरगी पुढच्या फेरीचा सामना खेळली, तेव्हा चौघी पुन्हा गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला फोन केला नाही. नऊ ओळींचा कागद त्यांनी स्वतःच केला होता, येताना मला दाखवायला घेऊन आल्या. एक ओळ चुकली होती, ती आम्ही मिळून दुरुस्त केली.