मधल्या सुट्टीनंतरचा वर्ग पाच मिनिटांत कसा शांत होतो? वसईच्या एका घंटेचं उदाहरण

मधली सुट्टी संपलेली असते, साठ मुलं धावतपळत वर्गात आलेली असतात, कुणाचा डबा अजून उघडाच असतो. अशा वेळी 'गप्प बसा' हे तीनदा ओरडून होतं आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली सहा-सात मिनिटं जातात. बी.एड.च्या पाठ टाचणात या सुरुवातीला 'प्रस्तावना' म्हणतात. पण तिथे शिकवलेली प्रस्तावना बहुतेकदा 'आपण कुठे राहतो? तिथे कोणता किल्ला आहे?' अशी असते. पुढच्या बाकावरची चार मुलं उत्तरं देतात, बाकीची आपल्या उद्योगात.

मग काय चालतं? वसई-विरारमध्ये सातवीच्या इतिहासात मराठी सत्तेच्या विस्ताराचा धडा शिकवायचा आहे, असं धरू.

शिक्षक काही न बोलता फळ्यावर एक मोठी घंटा काढतात. तिच्यावर आई आणि कडेवरचं बाळ, आणि खाली आकडा: १७०७. चित्र जमत नसेल तर फोटोची प्रिंट फळ्याला चिकटवली तरी चालते. मग एकच वाक्य: 'ही घंटा आज वाईजवळ मेणवलीत, देवळापाशी टांगलेली आहे. आधी ती कुठे होती आणि तिथे कशी पोहोचली असेल? वहीत एक ओळ लिहा, बोलायचं नाही.' यासाठी एक मिनिट. नंतर एक मिनिट शेजाऱ्याशी ओळ ताडून पाहायची. मग हात वर करून मोजणी: विकत घेतली म्हणणारे किती, भेट आली म्हणणारे किती, लढाईत मिळाली म्हणणारे किती. आकडे फळ्यावर लिहायचे आणि उत्तर न सांगता पुस्तक उघडायला लावायचं.

यात कामाची गोष्ट 'आधी लिहा' ही आहे. तोंडी प्रश्नात एकाने उत्तर दिलं की बाकीच्यांचं काम संपतं. लिहायचं म्हटलं की साठही जणांच्या हाताला काम मिळतं, आणि एकदा अंदाज वहीत उतरला की तो बरोबर आला का, हे बघावंसं वाटतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेन्स्टाईन यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की कुतूहल जागं होतं ते आपल्याला थोडं माहीत आहे पण मधलं काहीतरी सुटलंय, हे जाणवल्यावर. घंटा आणि देऊळ मुलांना माहीत असतं. आई-बाळाची आकृती वसईतल्या ख्रिस्ती घरांतली मुलं लगेच ओळखतात, एरवी मागे बसणारीसुद्धा. सुटलेला दुवा तेवढा धड्यात असतो.

तो दुवा म्हणजे चिमाजी अप्पांची मोहीम. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला. त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून दूरदूरच्या देवळांत गेल्या. मेणवलीची घंटा त्यातलीच मानली जाते, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटाही. आपल्या गावची वस्तू अडीचशे किलोमीटरहून लांब टांगलेली आहे, हे कळल्यावर वर्गात जी कुजबुज होते ती मोडू नये. ती धड्याबद्दलचीच असते.

आता बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. कुणीतरी विचारतंच, 'म्हणजे चोरली का?' इथे शिक्षक गडबडले आणि 'आपण' विरुद्ध 'ते' असं बोलून गेले, तर त्याच वर्गातली दहा-पंधरा मुलं तासभर मान खाली घालून बसतात. तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात तसाच लिहून ठेवावा. त्या काळच्या युद्धांत जिंकणारा तोफा आणि घंटा नेत असे, पोर्तुगिजांनी इथे काय केलं होतं, हे धड्याच्या ओघात आलं की मुलं स्वतः त्याकडे परततात. शिक्षकाने 'आपण' ऐवजी 'मराठे' आणि 'पोर्तुगीज' हे शब्द वापरले तरी बराचसा प्रश्न सुटतो.

दुसरा बिघाड वेळेचा. मजा येतेय म्हणून ही सुरुवात पंधरा मिनिटं लांबते आणि धडा उरतो. घड्याळ लावून पाच मिनिटांत थांबावं, चर्चा अर्धवट राहिली तरी. उलट अर्धवट राहिलेलीच बरी.

जमलं की नाही, हे शांततेवरून ओळखता येत नाही. दरडावूनही वर्ग शांत होतोच. पुस्तक उघडल्यावर मुलं सांगितलेल्या पानाच्या पुढे डोकावतात का, ते पाहावं. आणि शेवटची तीन मिनिटं राखून फळ्यावरच्या मोजणीकडे परत यावं, ज्याने त्याने आपली ओळ तपासावी. हे एकदा विसरलं तर चालून जातं. दोन-तीनदा विसरलं, तर पुढच्या वेळी 'लिहा' म्हटल्यावर कुणी पेन उचलत नाही.