विभागप्रमुखांकडून लेखाविभागापर्यंत जाणारा मेल

अनेक महाविद्यालयांच्या फीच्या पावतीवर ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र यांच्या रांगेत ‘नियतकालिक शुल्क’ अशी एक बारीक ओळ असते. वार्षिक अंकाचा खर्च प्रामुख्याने तिच्यातून निघतो. अंकाचं काम मात्र एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. तास, पेपर तपासणी, नॅकच्या फायली हे सगळं सांभाळून त्याला लेख गोळा करायचे, टाइप करून घ्यायचे आणि छापखान्याच्या खेपा घालायच्या असतात. म्हणूनच अंकाची मांडणी किंवा संपादन करणारी मुलं, बऱ्याचदा त्याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थी, थेट विभागाला मेल पाठवून हे काम मागतात. त्यातले बरेच मेल उत्तराविना पडून राहतात. याचं कारण दर वेळी कामाचा दर्जा किंवा दर हे नसतं. मेल ज्याला पाठवला, तो एकटा निर्णय घेऊ शकत नाही, हेच पाठवणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नसतं.

विभागप्रमुख मॅडमना मेल आवडला तरी त्या फार तर तो पुढे पाठवतात. तो प्राचार्यांकडे जातो, तिथून संपादक मंडळाच्या बैठकीत आणि मग लेखाविभागात. या प्रवासात कुठेतरी त्याची छापील प्रत निघते, तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो आणि ती फायलीत जाते. लेखाविभागातला कर्मचारी मेलची भाषा बघत नाही. त्याला एकूण रक्कम, तारीख, पॅन क्रमांक आणि सही हवी असते. रक्कम मोठी असेल, तर तीन दरपत्रकं मागवून तुलनात्मक तक्ता करावा लागतो. ‘दर चर्चेअंती ठरवू’ असं लिहिणाऱ्याचं नाव त्या तक्त्यात बसतच नाही, कारण आकड्याचा रकाना रिकामा राहतो.

समजा, दोन माजी विद्यार्थिनींना आपल्या महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागाचा वार्षिक अंक करायचा आहे. एक मांडणी करते, दुसरी मुद्रितं तपासते. मेल लिहिण्याआधी त्यांनी दोन गोष्टी विचारून घेतलेल्या बऱ्या. हा अंक साऱ्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा भाग आहे की विभागाचा स्वतंत्र? स्वतंत्र असेल, तर पैसे कुठून येणार? विभागाच्या अंकाला नियतकालिक शुल्कातला वाटा मिळेलच असं नाही. खर्च वाणिज्य मंडळाच्या वर्गणीतून किंवा गावातल्या दुकानांच्या जाहिरातींतून भागत असेल, तर जाहिरातींची पानं किती आणि ती कोण रचणार, हेही दरपत्रकात यावं लागतं.

त्यांचा मेल साधारण असा असू शकतो:

‘विषय: वाणिज्य विभागाच्या वार्षिक अंकाची मांडणी व मुद्रितशोधन – प्रस्ताव व दरपत्रक

आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

आम्ही दोघी आपल्या विभागाच्या माजी विद्यार्थिनी. यंदाच्या अंकाची मांडणी, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन करण्याची आमची तयारी आहे. गेल्या वर्षीचा अंक आम्ही वाचला. त्यातल्या सर्वेक्षण प्रकल्पांची कोष्टकं आडव्या पानावर घेतली, तर वाचायला सोपी जातील असं वाटतं. त्याच अंकातलं एक कोष्टक नव्याने मांडून नमुन्यादाखल सोबत जोडलं आहे.

अंक 64 पानांचा धरला आहे. मांडणी प्रतिपान 150 रुपये, दोन वाचनांचं मुद्रितशोधन प्रतिपान 40 रुपये, मुखपृष्ठ 3,000 रुपये. एकूण 15,160 रुपये. पानं वाढल्यास प्रत्येक जादा पानाला 190 रुपये. छपाई, कागद व बांधणी यात नाही. हस्तलिखितांचं टंकन वेगळं.

सर्व मजकूर 15 डिसेंबरपर्यंत मिळाल्यास पहिलं मुद्रित 5 जानेवारीला आणि छपाईयोग्य फाइल 31 जानेवारीला देऊ. विद्यार्थ्यांचे लेख आम्ही लिहून देणार नाही. मुलाखती, कार्यक्रमांचे वृत्तान्त आणि छायाचित्रांच्या ओळी मात्र लिहू. सही केलेलं दरपत्रक सोबत आहे. आपण सांगाल त्या दिवशी येऊन भेटू.’

हे दर उदाहरणापुरते आहेत. गावानुसार आणि कामानुसार ते बरेच बदलतात. मात्र आकड्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. 64 पानं म्हणजे सोळा पानी चार फर्मे. छापखान्यात मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर पानं छापून घडी घालतात. त्यामुळे पानांची संख्या आठ किंवा सोळाच्या पटीत बसवावी लागते. मजकूर 69 पानांचा झाला, तर 69 पानांचा अंक छापला जात नाही. पाच पानं कापायची, नाहीतर अर्धा फर्मा वाढवून 72 वर जायचं. तसं झालं तर दोघींचं बिल 16,680 रुपये होतं. वाढणारे हे 1,520 रुपये आधीच कागदावर असले, की फेब्रुवारीत ‘हे कुठून आलं?’ असा प्रश्न लेखाविभागातून येत नाही. शिवाय रिकामी राहिलेली तीन पानं कशाने भरायची, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी विद्यार्थ्यांची दोन-चार रेखाचित्रं आधीच मागवून ठेवलेली बरी.

‘विद्यार्थ्यांचे लेख आम्ही लिहून देणार नाही’ ही ओळ काहींना आगाऊपणाची वाटेल. ती हवीच. मजकूर कमी पडला की ‘तुम्हीच दोन लेख टाका आणि मुलांची नावं द्या’ अशी सूचना होते, ती सहसा वाईट हेतूने होत नाही. तारीख जवळ आलेली असते, इतकंच. पण हा अंक विद्यार्थ्यांच्या लेखनासाठी असतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारखी विद्यापीठं नियतकालिकांच्या स्पर्धाही घेतात, आणि दुसऱ्याने लिहिलेला लेख विद्यार्थ्याच्या नावावर तिथे जाणं सरळसरळ फसवणूक आहे. लेखकाने करण्याजोगं काम वेगळं आहे आणि भरपूर आहे. सोळा विद्यार्थ्यांनी मिळून आठवडी बाजाराचं सर्वेक्षण केलं असेल, तर त्यांच्याशी बोलून त्याचा वाचनीय वृत्तान्त करता येतो. माजी विद्यार्थ्याची मुलाखत घेता येते. विस्कळित लेख विद्यार्थ्यासमोर बसून, त्याच्याच शब्दांत सुधारता येतो. प्रस्तावात ही कामं नावानिशी यावीत. ‘कंटेंट पुरवू’ एवढ्याने बैठकीत कुणाला काही कळत नाही.

तारखांचं गणित महाविद्यालयाच्या वर्षावर बेतावं लागतं. मेलला चांगला काळ म्हणजे जुलै-ऑगस्ट, प्रवेश आटोपून समित्या तयार होतात तेव्हा. दिवाळीनंतर मेल केला, तर काम बहुधा जुन्याच छापखान्याकडे गेलेलं असतं. दुसऱ्या टोकाला 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. त्याआधी बिल दिलं नाही, तर ते नव्या वर्षाच्या तरतुदीत अडकतं. म्हणून दोघींनी फाइलची तारीख 31 जानेवारी धरली. छपाई, बांधणी आणि बिल यांना दोन महिने उरतात, आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रंही अंकात येऊ शकतात. एक अट मात्र ठळक हवी. मजकूर जितके दिवस उशिरा येईल, तितके दिवस पुढच्या सगळ्या तारखा सरकतील. ही अट नसली, की उशिराचं खापर मांडणी करणारीवर फुटतं.

मजकूर कसा येतो, यावर तर अख्खं काम अवलंबून असतं. विद्यार्थी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतात. ज्येष्ठ प्राध्यापकांचा लेख श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतो. काहींची चक्क फुलस्केपवरची हस्तलिखितं येतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना घोटाळे होतात, आणि त्यांच्या जागा ठरलेल्या असतात: रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला र तुटतो, ‘ॲ’ गायब होतो. इनडिझाइनमध्ये Adobe World-Ready Paragraph Composer निवडलेला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून पहिल्या मुद्रितात हे चार-पाच शब्द शोधून बघितले, तर रूपांतर कितपत धड झालं आहे याचा लगेच अंदाज येतो. छायाचित्रांचंही तसंच. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो पडद्यावर छान दिसतो, पण आकाराने आक्रसलेला असतो. अर्ध्या पानावर छापला की चेहरे पुसट होतात. मूळ फोटो ड्राइव्हवर किंवा मेलने पाठवावेत, हे प्रस्तावातच सांगितलेलं बरं.

नमुना जोडताना हात आखडता घ्यावा. पूर्ण अंकाची जडशीळ पीडीएफ मोबाइलवर कुणी उघडत नाही. चार पानं पुरतात, आणि त्यांतलं एक त्याच विभागाच्या जुन्या अंकातलं नव्याने मांडलेलं असावं. जुन्या अंकावर शेरेबाजी तर मुळीच नको. तो ज्यांनी काढला, तेच प्राध्यापक बहुधा या बैठकीत बसलेले असतात.

उरला प्रश्न दुरुस्त्यांचा, आणि इथेच संबंध बिघडतात. दोन वाचनं म्हणजे काय, हे दरपत्रकात स्पष्ट हवं: पहिल्या वाचनात कितीही बदल, दुसऱ्यात फक्त चुका. त्यानंतर नवा लेख किंवा नवं पान आलं, तर जादा आकार. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रं कोणत्या क्रमाने, कुणाच्या नावामागे ‘मा.’ आणि कुणामागे ‘डॉ.’, ही यादी महाविद्यालयाने लेखी द्यावी. अंक हातात पडल्यावर सर्वांत आधी तक्रार येते ती इथूनच, व्याकरणाच्या चुकीवरून क्वचितच.

उत्तर आलं नाही, तर आठ-दहा दिवसांनी फोन करावा आणि दरपत्रकाची छापील प्रत घेऊन भेटून यावं. गप्प राहण्याचा अर्थ बऱ्याच वेळा नकार नसून बैठक झालेली नाही, एवढाच असतो. होकार तोंडी मिळाला, तरी काम सुरू करण्याआधी जावक क्रमांक असलेलं कार्यादेशाचं पत्र मागून घ्यावं. बिलासोबत त्याची प्रत लागते. शेवटची फाइल छापखान्यात जाण्यापूर्वी मॅडमकडून ‘पान 1 ते 64 पाहिली, छपाईस हरकत नाही’ असा मेल घ्यावा. बिल मंजूर होताना टीडीएस कापला जाऊ शकतो. तेव्हा खात्यावर 15,160 पेक्षा थोडे कमी जमा झाले, तर लेखाविभागाशी भांडण्याऐवजी टीडीएसचं प्रमाणपत्र मागावं.